दीर्घ शिकवणी व्हिडिओतील एक पाठ शोधात कसा सापडतो : उद्यमबागेतील एका सीएनसी अभ्यासक्रमाचे प्रकरण

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, लेथचे काम शिकवणाऱ्या एका खाजगी वर्गाने आपला संपूर्ण प्राथमिक अभ्यासक्रम एकाच मराठी व्हिडिओत चित्रित करून यूट्यूबवर ठेवला. व्हिडिओची लांबी जवळजवळ पावणेदोन तास आहे. वर्गाला येणारी मुले बहुतेक आयटीआय झालेली असून बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातली आहेत, काही पलीकडच्या चंदगडातून येतात. व्हिडिओ प्रामुख्याने त्यांच्यासाठीच केला होता, म्हणून तो वर्गातल्या क्रमाने चालतो : मशीनची ओळख, जॉब म्हणजे कापायचा तुकडा मशीनमध्ये पकडणे, टूल ऑफसेट, साधे कोड, मग सायकली म्हणजे एका आज्ञेत अनेक फेऱ्या कापणारे कोड आणि शेवटी पूर्ण प्रोग्राम. वर्गातली मुले तो पहिल्यापासून पाहत. बाहेरून येणारा माणूस मात्र असा येत नाही. तो रात्रपाळीला मशीनपुढे उभा असतो, त्याला स्क्रूसारखे आटे पाडण्याच्या G76 या कोडच्या ओळीतला एक आकडा कळलेला नसतो आणि त्याच्या हातात फोन असतो. त्याला पावणेदोन तासांतली सोळा-सतरा मिनिटे हवी असतात आणि ती या व्हिडिओत आहेत हे त्याला शोधाच्या पानावरच दिसावे लागते.

प्रशिक्षकांनी माझ्याकडे हा व्हिडिओ दिला तेव्हा त्यांचे म्हणणे साधे होते : "शिकवलंय सगळं व्यवस्थित, पण शोधलं की सापडत नाही बघा." त्यांनी वर्णनात वेळा लिहिल्या होत्या. तरीही व्हिडिओखालच्या रेषेचे तुकडे पडलेले नव्हते, आणि गूगलवर व्हिडिओ दिसलाच तर तो एकसंध दिसत होता.

शोधात नेमके काय दिसते ते आधी स्पष्ट केलेले बरे, कारण त्याविषयी बऱ्याच जणांची अपेक्षा चुकीची असते. वर्णनात वेळा लिहिल्याने एका व्हिडिओचे दहा व्हिडिओ होत नाहीत. गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये शोधपानावर व्हिडिओतील महत्त्वाचे क्षण दाखवण्यास सुरुवात केली. त्यात व्हिडिओच्या निकालाखाली भागांची नावे व त्यांच्या वेळा स्वतंत्र दुवे म्हणून येतात आणि दुव्यावर दाबले की व्हिडिओ त्या जागेपासून चालू होतो. यूट्यूबने मे २०२० मध्ये स्वतःची प्रकरणांची सोय आणली. तिच्यामुळे व्हिडिओखालच्या रेषेचे भाग पडतात आणि यूट्यूबच्या शोधातही ते भाग निकालासोबत दिसू शकतात. व्हिडिओ यूट्यूबवर असेल तर या दोन्हींसाठी आपल्याला देता येणारा कच्चा माल एकच असतो, तो म्हणजे वर्णनातली वेळांची यादी. ती यादी वापरायची की नाही हे शोधयंत्र प्रत्येक शोधागणिक ठरवते. आपल्या हाती आहे ते एवढेच की यादी यंत्राला वाचता यावी आणि तिच्यातले नाव शोधणाऱ्याच्या प्रश्नाशी जुळावे.

यादी वाचली जात नव्हती, म्हणून सुरुवात तिथून केली. यूट्यूबच्या अटी थोड्या आहेत. पहिली वेळ 0:00 असली पाहिजे, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने असल्या पाहिजेत आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा असला पाहिजे. गूगल याशिवाय प्रत्येक वेळ नव्या ओळीवर आणि तिचे नाव त्याच ओळीत मागते. प्रशिक्षकांची यादी 0:45 पासून सुरू होत होती, कारण आधीची पंचेचाळीस सेकंदे वर्गाचे बोधचिन्ह आणि संगीत चालते. ते दाखवण्यासारखे नाही, म्हणून त्यांनी ते यादीतून वगळले होते. तर्क बरोबर होता, पण त्या एका कारणाने सगळी यादी बाद होत होती. पहिली ओळ 0:00 वर नेऊन तिला मशीनच्या ओळखीचे नाव दिले आणि बोधचिन्हाला वेगळी ओळ दिली नाही.

दुसरा दोष मराठी टंकलेखनातून आला होता. वर्णन संगणकावर मराठी कळफलकाने लिहिले होते, त्यामुळे काही ओळींत आकडे देवनागरी पडले होते आणि दोन ओळींत मिनिट व सेकंद यांच्यामध्ये अपूर्णविरामाऐवजी विसर्ग आला होता. डोळ्याला विसर्ग आणि अपूर्णविराम जवळजवळ सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी विसर्ग हे अक्षराला लागणारे चिन्ह आहे. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : वर्णन जतन केल्यावर व्हिडिओचे पान उघडून पाहावे. जी वेळ निळ्या दुव्यात बदलली ती यंत्राने वेळ म्हणून वाचली, जी काळीच राहिली ती त्याच्यासाठी नुसता मजकूर आहे. या वर्णनातल्या देवनागरी आकड्यांच्या आणि विसर्गाच्या सगळ्या ओळी काळ्या होत्या. मराठी वर्णन लिहिणाऱ्याने वेळांपुरता कळफलक इंग्रजी करावा, नावे खुशाल मराठीत असू द्यावीत.

एवढे करूनही रेषेचे तुकडे पडेनात. यादी चार-चारदा वाचली तरी निर्दोष दिसत होती, आणि होतीही. गडबड यादीच्या खाली होती. वर्णनाच्या शेवटी वर्गाच्या तुकड्यांच्या वेळा दिल्या होत्या : सकाळी 7:30 ते 9:30, संध्याकाळी 6:00 ते 8:00. या चारही वेळा निळ्या झाल्या होत्या. म्हणजे सकाळी साडेसातची तुकडी यंत्राने व्हिडिओतील सातव्या मिनिटाचे तिसावे सेकंद म्हणून वाचली होती. शेवटचे प्रकरण दीड तासाच्या पुढचे आणि त्याच्यानंतर लगेच साडेसात मिनिटे, असा क्रम झाल्याने चढत्या क्रमाची अट मोडत होती. ती ओळ काढून "सकाळी साडेसात ते साडेनऊ, संध्याकाळी सहा ते आठ" असे अक्षरांत लिहिले, वर्णन पुन्हा जतन केले आणि व्हिडिओखालची रेषा तुकड्यांत विभागली गेली. दुकानाची वेळ, कार्यक्रमाची वेळ, संपर्काची वेळ वर्णनात देणारे अनेक जण असतात. रेषा तुटत नसेल तर यादीआधी अशा ओळी तपासाव्यात असे माझे मत आहे, कारण यादीतला दोष माणूस शोधतोच, या ओळींकडे त्याचे लक्ष जात नाही.

येथवरचे काम कारकुनी होते. पुढचे काम वेळा आणि नावे ठरवण्याचे होते, आणि शोधाच्या दृष्टीने खरी मेहनत त्यातच आहे.

वेळांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट आढळली. सुरुवातीच्या सगळ्या वेळा अचूक होत्या, पण अडतिसाव्या मिनिटाच्या पुढची प्रत्येक वेळ उशिराची होती आणि उशीर सगळीकडे सारखाच, २ मिनिटे ३५ सेकंदांचा होता. चूक इतकी एकसारखी असेल तर ती मोजणीची नसते, मधून काहीतरी गेलेले असते. विचारल्यावर खुलासा झाला : चित्रीकरणात एकदा वीज गेली होती, तो अंधाराचा तुकडा प्रशिक्षकांनी व्हिडिओ चढवल्यानंतर यूट्यूब स्टुडिओच्या संपादकात कापला होता. व्हिडिओ कापला तरी वर्णनातला मजकूर आपोआप बदलत नाही. परिणाम कसा होत होता ते G76 च्या ओळीवरून कळेल. ओळीत 1:07:25 अशी वेळ होती. तिच्यावर दाबणारा माणूस थेट फळ्यासमोर जाऊन पडे, जिथे प्रशिक्षक १८.१६ हा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारत असत. M20x1.5 चा, म्हणजे २० मिमी व्यासाचा व १.५ मिमी पिचचा, आटा पाडायचा आहे, पिच १.५ ला ०.६१३ ने गुणले की आट्याची खोली सुमारे ०.९२ मिमी येते, ती दोन्ही बाजूंनी २० मधून वजा केली की तळाचा व्यास १८.१६ येतो, हे सगळे आधीच्या अडीच मिनिटांत सांगून झालेले असे. ज्याला नेमके हेच हवे त्याला उत्तर मिळे, पण ते कुठून आले हे मिळत नसे, आणि तो परत जाई. खरी वेळ 1:04:50 होती.

वेळ तपासण्यासाठी यादीकडे पाहून उपयोग नाही, प्रत्येक दुवा दाबूनच पाहावा लागतो. संगणकावर व्हिडिओ हव्या त्या जागी थांबवून त्यावर उजवी कळ दाबली की सध्याच्या वेळेसह दुवा घेता येतो, त्याच्या शेवटी सेकंद असतात. 1:04:50 साठी ते असे दिसतात :

```
t=3890
```

वेळ कुठे ठेवावी याचा निर्णयही सरळ नव्हता. G76 चा पाठ सुरू करण्यापूर्वी प्रशिक्षक आटा बिघडल्यामुळे परत आलेल्या एका मालाची हकिगत सांगतात. वर्गात ती रंगते. शोधातून आलेल्या माणसाला मात्र पहिल्या काही सेकंदांत आपण योग्य जागी आलो की नाही हे कळले पाहिजे, म्हणून वेळ हकिगतीच्या आरंभी ठेवली नाही. "आता M20x1.5 चा आटा पाडूया" या वाक्याच्या सुमारे दोन सेकंद आधी ठेवली, म्हणजे वाक्याचा पहिला शब्द तुटत नाही. हकिगत आधीच्या प्रकरणाच्या शेपटीला गेली. प्रशिक्षकांना हे थोडे खटकले, पण त्यांनी ते मान्य केले.

आता नावे. मूळ यादीत "भाग १ : ओळख", "भाग ५ : सायकल", "भाग ६ : पुढील सायकल" अशी नावे होती. वर्गातल्या मुलाला ती पुरतात, कारण त्याला भाग चार कोणता हे ठाऊक असते. ज्याने व्हिडिओ पाहिलाच नाही त्याला "पुढील सायकल" यावरून काहीच बोध होत नाही, आणि शोधयंत्रालाही होत नाही. नावे कुठून घ्यायची यासाठी अंदाज बांधावा लागला नाही. यूट्यूब स्टुडिओच्या विश्लेषणात यूट्यूब शोधातून आलेले लोक कोणते शब्द टाकून आले त्याची यादी मिळते. तिच्यात तीन तऱ्हा दिसल्या. पहिल्या प्रकारचे लोक फक्त कोड टाकत होते : G71, G76. दुसरे कोडासोबत कामाचे नाव टाकत होते आणि ते बहुतेक रोमन लिपीत असे. तिसरे अडचण लिहीत होते : साइज जास्त येते, टूल ऑफसेट कसा घ्यायचा. अभ्यासक्रमातल्या धड्याचे नाव लिहून कोणी येत नव्हते.

म्हणून नाव ठरवताना कोड असेल तर तो आधी, मग कामाचे नाव, मग उदाहरण असा क्रम धरला. फोनच्या पडद्यावर भागाच्या नावाला जागा अपुरी असते आणि लांब नावाची शेपटी कापली जाते, त्यामुळे "थ्रेडिंगसाठी वापरली जाणारी G76 सायकल" या नावातला G76 नेमका दिसेनासा होण्याची भीती असते. लिपीचा प्रश्नही यातूनच बराचसा सुटला. कोड रोमन लिपीतच लिहिला जातो, त्यामुळे रोमनमध्ये शोधणाऱ्याला तो सापडतो, बाकीचे शब्द देवनागरीत राहिले. प्रत्येक नाव दोन्ही लिप्यांत लिहावे अशी एक सूचना आली होती. ती मी नाकारली, कारण त्याने यादी दुप्पट लांब होते आणि वाचणाऱ्याला एकच ओळ दोनदा वाचावी लागते. वर्णनाला ५००० ची मर्यादा आहे, यूट्यूबच्या तांत्रिक दस्तऐवजात ती बाइटमध्ये दिली आहे, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मराठी वर्णनाला जागा मुळातच कमी असते, ती अशी खर्च करू नये.

किती तुकडे करावेत यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. वर्गातल्या एका मदतनीस मुलाने हौसेने तीस-एक ओळींची यादी करून आणली होती. त्यात "सेफ्टी गॉगल", "प्रश्न", "फळा पुसताना" अशाही नोंदी होत्या. प्रशिक्षकांचा कल उलटा, नऊ भागांतच भागवावे असा होता. मी कसोटी एकच लावली : या जागेपासून पाहायला सुरुवात करणाऱ्याला एखाद्या पूर्ण प्रश्नाचे उत्तर मिळते का? या कसोटीवर "G71 सायकल" हा एक भाग दोन झाला. ज्या कंट्रोलवर हा अभ्यासक्रम शिकवला आहे त्यावर ही सायकल दोन ओळींत लिहितात :

```
G71 U1.5 R0.5
G71 P100 Q200 U0.4 W0.1 F0.25
```

दोन्ही ओळींत U आहे, पण पहिल्या ओळीतला U म्हणजे एका फेरीत किती खोल कापायचे ते, आणि दुसऱ्या ओळीतला U म्हणजे फिनिशिंगसाठी व्यासावर किती माल राखायचा ते. नवा ऑपरेटर नेमका येथेच गोंधळतो आणि यावरच शोध घेतो. प्रशिक्षकांनीही दोन्ही ओळी वेगवेगळ्या शिकवल्या होत्या, मध्ये विराम होता. म्हणून तेथे दोन वेळा पडल्या. उलट G00 ते G03 हे चार कोड चार ओळींत तोडण्याचा मोह टाळला, कारण प्रशिक्षक ते एकाच आकृतीवर, एकाच प्रवाहात शिकवतात. G02 पाशी उतरणाऱ्याला ती आकृती कुठून आली हेच कळणार नाही.

अखेरीस यादी अकरा ओळींची झाली. तिचा उत्तरार्ध असा :

```
36:10 G00, G01, G02, G03 कुठे वापरायचे
44:05 G71 पहिली ओळ: U आणि R चा अर्थ
50:30 G71 दुसरी ओळ: P, Q, U, W, F
58:15 G70 फिनिशिंग सायकल
1:04:50 G76 थ्रेडिंग सायकल, M20x1.5 चे उदाहरण
1:21:35 साइज जास्त-कमी आल्यास वेअर ऑफसेट
1:33:00 पूर्ण प्रोग्रामचा ड्राय रन
```

यादी वर्णनात वरच्या बाजूला, पहिल्या परिच्छेदानंतर ठेवली. स्टुडिओत यूट्यूबने आपोआप प्रकरणे पाडावीत अशी मुभा देणारा एक पर्याय असतो, तो आम्ही बंद केला. हाताने लिहिलेली वैध यादी असली की यूट्यूब तीच वापरते, तेव्हा तो पर्याय चालू असता तरी बिघडले नसते. पण पुढे कोणी वर्णनात फेरफार करून यादी मोडली, तर तिच्या जागी यंत्राने पाडलेले भाग येऊन दोष झाकला जाईल. पर्याय बंद असेल तर रेषा एकसंध होते आणि काहीतरी मोडले आहे हे पहिल्या नजरेत कळते.

परिणाम पाहताना घाई केली नाही. गूगलला पान पुन्हा वाचावे लागते आणि तो काळ आपल्या हातात नसतो. शोध घेऊन पाहताना प्रशिक्षकांच्या रोजच्या फोनवर न पाहता खाजगी खिडकीत पाहिले, कारण ज्याने तो व्हिडिओ शंभरदा उघडला आहे त्याच्या फोनवरचा निकाल पुरावा ठरत नाही. यूट्यूबच्या शोधात G76 आणि मराठी हे शब्द टाकल्यावर व्हिडिओखाली थ्रेडिंगचा भाग त्याच्या वेळेसह दिसू लागला. गूगलवर हे क्षण काही शोधांना दिसतात, काहींना दिसत नाहीत. नुसते G71 टाकले तर इंग्रजी व हिंदी व्हिडिओंच्या गर्दीत आमचा व्हिडिओच वर येत नाही, आणि जो निकाल वर येत नाही त्याच्या भागांचा प्रश्नच उद्भवत नाही. वेळांची यादी व्हिडिओला क्रमवारीत वर चढवते असे सांगणारे भेटतात. या प्रकरणात मला तसे काही दिसले नाही, आणि ते आश्वासन मी प्रशिक्षकांना दिलेही नव्हते.

विश्वासार्ह खूण मिळाली ती प्रेक्षक टिकून राहण्याच्या आलेखात. पूर्वी तो आलेख डावीकडून उजवीकडे सलग उतरत असे. आता 44:05, 1:04:50 आणि 1:21:35 या जागी त्याला उंचवटे आले आहेत, म्हणजे लोक मधूनच तेथे येऊन उतरतात. यांतला तिसरा उंचवटा अनपेक्षित होता. वेअर ऑफसेटचा, म्हणजे टूल झिजल्याने मापात पडलेला फरक भरून काढण्याचा, भाग प्रशिक्षकांनी जवळजवळ पुरवणी म्हणून शिकवला होता, मूळ यादीत त्याला ओळही नव्हती. व्यास ०.०५ ने जास्त आला तर वेअरच्या पानावर X मध्ये उणे ०.०५ घालायचे, एवढीच त्याची सुरुवात. पण कारखान्यात पाळीला लागलेल्या माणसाची रोजची अडचण तीच आहे, आणि "साइज जास्त-कमी आल्यास" हे शब्द त्याच्याच तोंडचे आहेत.

44:05 च्या उंचवट्यापुढे मात्र लगेच उतार दिसला. तो भाग पाहिल्यावर कारण सापडले. पाठाचे पहिलेच वाक्य होते, "मघाशी जो जॉब काढला त्यालाच आता ही सायकल लावू." शोधातून आलेल्याला मघाचा जॉब माहीत नसतो. वेळ पुढे सरकवून हे सुटत नव्हते, कारण पुढचे सगळे स्पष्टीकरण त्या जॉबवरच चालते. वर्णनातल्या यादीला येथे काही करता येत नाही, हा चित्रीकरणाचा प्रश्न आहे. प्रशिक्षकांनी मिलिंगचा पुढचा व्हिडिओ घेताना प्रत्येक विषयाच्या आरंभी जॉबचे चित्र पुन्हा दाखवून त्याची मापे एका वाक्यात सांगायची असे ठरवले आहे, आणि वर्गाच्या फळ्यावर चित्रीकरणापूर्वी अपेक्षित प्रकरणांची नावे आधी लिहून ठेवली जात आहेत.